सातव्या वेतनाचा फरक, आईचा पीएफ आणि कलम 89

आजचा भाग थोडा घरचा आहे. डिसेंबर 2020 मध्ये आईच्या मोबाईलवर आयकर खात्याचा मेल आला. आई इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे 'कॉम्प्युटरचं काही असेल तर पोराला पाठव' या नियमाने तो मेल पुढच्या मिनिटाला माझ्याकडे. मेलमध्ये एक तक्ता होता. डाव्या रकान्यात आईने विवरणपत्रात भरलेले आकडे, उजव्या रकान्यात खात्याने मान्य केलेले आकडे. सगळे जुळत होते, फक्त एका ओळीत गडबड होती. ओळीचं नाव `Relief u/s 89`. डावीकडे 8,299, उजवीकडे 0. म्हणजे 8,299 रुपये भरा, आणि वर थोडं व्याज.

आईचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. "अरे, पण ते पैसे माझ्या हातात आलेच नाहीत. पीएफला गेले. मग कर कसला?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी वेतन आयोगांच्या, संपांच्या आणि 1922 सालच्या कायद्याच्या वाटेला लागलो. सुरुवात फरकापासून करू.

सरकारी नोकरीतल्या घरात वाढलेल्यांना 'फरक' हा शब्द वेगळा सांगायला नको. "फरक निघाला का?" "फरकाचं बिल पंचायत समितीत अडकलंय." पगार मागच्या तारखेपासून वाढतो, पण वाढ पुढच्या तारखेला जाहीर होते. मधल्या महिन्यांची जी थकबाकी साठते, तो फरक.

महाराष्ट्रात हा फरक मोठा साठतो, कारण राज्य केंद्राच्या मागून चालतं. याच्यामागे एक जुना लढा आहे. 14 डिसेंबर 1977 ला राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. नेते होते र. ग. कर्णिक, मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. मुख्य मागणी एकच, केंद्राच्या दराने महागाई भत्ता. संप 54 दिवस चालला. पुढे जुलै 1978 मध्ये सरकार बदललं आणि शेजारच्या बारामतीचे आमदार शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने केंद्राप्रमाणे महागाई भत्ता देण्याचं तत्त्व स्वीकारलं. इंदापूर-बारामती पट्ट्यातले निवृत्त गुरुजी अजूनही नोकरीच्या गोष्टी सांगताना 'संपाच्या आधी' आणि 'संपाच्या नंतर' असा हिशोब धरतात, ते या संपामुळे.

केंद्राप्रमाणे द्यायचं ठरलं, पण केंद्राबरोबर द्यायचं ठरलं नाही. केंद्र आधी देतं. मग राज्य समिती नेमतं, समिती अहवाल देते, तिजोरीचा अंदाज घेतला जातो, कधी मध्ये निवडणूक येते. सहावा वेतन आयोग राज्यात 2009 मध्ये लागू झाला, पण 1 जानेवारी 2006 पासून. म्हणजे 39 महिन्यांचा फरक. सातवा लागू झाला 30 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने, 1 जानेवारी 2016 पासून. 36 महिन्यांचा फरक. दोन्ही वेळा सरकारने सगळी रक्कम एकदम दिली नाही. पाच समान हप्ते केले, आणि आईसारख्या जुन्या कर्मचाऱ्यांचे हप्ते हातात न देता भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जमा केले.

आता कर. आयकराच्या दृष्टीने पगार हा देय झाला किंवा मिळाला, यातलं जे आधी घडेल त्या वर्षाचं उत्पन्न. आणि आधी कधीच कर न लागलेली थकबाकी ज्या वर्षी मिळेल त्या वर्षाचं उत्पन्न. पीएफमध्ये जमा होणं म्हणजे मिळणंच, कारण पैसा तुमच्या नावाच्या खात्यात गेला. त्यामुळे आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की हो, हातात काही न येताही कर लागतो. पीएफमध्ये गेलेली रक्कम 80C खाली वजावटीला पात्र असते हे खरं, पण त्याची मर्यादा दीड लाख. आईची ती मर्यादा नेहमीची पीएफ वर्गणी आणि विम्याच्या हप्त्यांनीच भरलेली होती. फरकाला तिथे जागा नव्हती.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त रंजक आहे.

आपला कर टप्प्याटप्प्याने वाढतो. जुन्या करप्रणालीत पहिल्या काही लाखांवर काही नाही, मग 5 टक्के, मग 20, मग 30. ही रचना एका वर्षाचं उत्पन्न गृहीत धरते. पण तीन वर्षांत थोडं थोडं मिळायला हवं होतं ते उत्पन्न एकाच वर्षात येऊन पडलं, तर ते आधीच्या उत्पन्नाच्या डोक्यावर बसतं आणि वरच्या टप्प्यात जातं. मालकाने उशीर केला, आणि त्या उशिराचा दंड नोकराने भरला, असा हा प्रकार होतो.

ही अडचण इंग्रजांच्या काळातच लक्षात आली होती. 1922 च्या आयकर कायद्यात कलम 60 च्या दुसऱ्या पोटकलमात यासाठी सोय होती. पगार थकून किंवा आगाऊ मिळाल्यामुळे एखाद्याला एरवीपेक्षा चढ्या दराने कर लागत असेल, तर त्याला योग्य ती सवलत देता येईल, असा त्याचा आशय. 'देता येईल' हे शब्द लक्षात ठेवा. म्हणजे ही मर्जीची गोष्ट होती. तेव्हाचे दरही आजच्यासारखे नव्हते. 1939 पर्यंत कराची पद्धत पायरीची होती. तुमचं उत्पन्न वरच्या पायरीवर गेलं की सगळ्याच उत्पन्नाला वरचा दर लागायचा, फक्त वरच्या तुकड्याला नाही. 1939 मध्ये ती बदलून आजची टप्प्यांची पद्धत आली. पायरीच्या काळात थकलेला पगार एकदम मिळणं किती महागात पडत असेल, याची कल्पना करा.

1961 च्या कायद्यात ही सोय कलम 89 मध्ये आली. सध्याच्या शब्दरचनेत मर्जी नाही. अर्ज केला तर अधिकाऱ्याने ठरवून दिलेली सवलत द्यायचीच आहे. किती द्यायची हे 1962 च्या नियमावलीतल्या नियम 21A मध्ये लिहिलं आहे. मला हा नियम वाचताना मजा आली, कारण तो सरळ अल्गोरिदम आहे.

नियम म्हणतो, दोन हिशोब करा. पहिला हिशोब फरक मिळाला त्या वर्षाचा. फरक धरून कर किती, फरक न धरता किती, आणि या दोहोंतला फरक काढा. (इथे शब्दांचा घोळ होतो. मी पगाराच्या थकबाकीला 'फरक' म्हणतोय आणि आकड्यांच्या वजाबाकीला आता 'वाढ' म्हणतो.) तर फरकामुळे या वर्षी कर किती वाढला, ती पहिली वाढ.

दुसरा हिशोब जुन्या वर्षांचा. फरकाची रक्कम ज्या ज्या वर्षाची आहे त्या त्या वर्षात नेऊन ठेवा, जणू ती तेव्हाच मिळाली होती. त्या वर्षाच्या तेव्हाच्या दराने कर पुन्हा काढा. प्रत्येक वर्षी कर किती वाढला असता ते काढा आणि सगळ्या वर्षांची बेरीज करा. ही दुसरी वाढ.

पहिल्या वाढीतून दुसरी वजा करा. जे उरेल ती सवलत. काही उरलं नाही, म्हणजे उत्तर शून्य किंवा उणे आलं, तर सवलत नाही आणि जास्तीचा करही नाही.

यातला 'जणू' महत्त्वाचा आहे. जुनी विवरणपत्रं उघडली जात नाहीत, जुन्या वर्षांचा कर बदलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमधली जुनी नोंद कोणी बदलत नाही, फक्त 'असं असतं तर' अशी एक क्वेरी चालवून आकडा घेतला जातो. जो काही कर किंवा सवलत पडायची ती पैसे मिळालेल्या वर्षातच पडते.

आता आईचे आकडे. ती म्हणाली, "सांग, त्यात लपवायचं काय?" सोयीसाठी मी ते पूर्णांकात आणलेत.

2019-20 या आर्थिक वर्षात सातव्या वेतनाच्या फरकाचा पहिला हप्ता तिच्या पीएफमध्ये जमा झाला. रक्कम 60,000. सगळ्या वजावटी जाऊन तिचं करपात्र उत्पन्न फरक न धरता 5,20,000 होतं, फरक धरून 5,80,000. पाच लाखांच्या वर दर 20 टक्के. म्हणजे 60,000 वर 12,000, आणि त्यावर 4 टक्के उपकर 480. पहिली वाढ 12,480.

आता हे 60,000 जुन्या वर्षांत वाटायचे. इथे एक खुबी आहे. हप्ते पाच समान आहेत, म्हणून एका हप्त्यात 36 पैकी प्रत्येक महिन्याच्या फरकाचा पाचवा भाग आहे असं आम्ही धरलं. शाळेतून मिळालेल्या फरक तक्त्यात महिन्यावार आकडे होते, त्यांना पाचने भागलं. आणि दुसरी खुबी मार्चची. मार्चचा पगार एक एप्रिलला होतो, म्हणून शाळांचा आयकराचा हिशोब मार्च ते फेब्रुवारी असा चालतो. त्यामुळे जानेवारी आणि फेब्रुवारी 2016 हे दोनच महिने 2015-16 मध्ये जातात आणि मार्च 2016 पुढच्या वर्षात. बाहेरचा माणूस तीन महिने धरतो आणि त्याचे आकडे फॉर्म 16 शी जुळत नाहीत. मी पण आधी तीनच धरले होते.

तर वाटणी अशी झाली. 2015-16 मध्ये दोन महिन्यांचे 3,000. 2016-17 मध्ये 18,000. 2017-18 मध्ये 20,000. 2018-19 मध्ये डिसेंबरपर्यंतच्या दहा महिन्यांचे 19,000.

त्या चारही वर्षांत आईचं करपात्र उत्पन्न चार लाख ते पावणेपाच लाखांच्या मध्ये होतं, आणि फरक मिळवूनही ते पाच लाखांच्या आतच राहत होतं. 2015-16 आणि 2016-17 मध्ये अडीच ते पाच लाखांच्या टप्प्यावर 10 टक्के कर होता. 2017-18 पासून तो 5 टक्के झाला. उपकर आधी 3 टक्के होता, 2018-19 पासून 4 टक्के.

2015-16 चे 3,000 घ्या. 10 टक्के म्हणजे 300, उपकरासह 309. 2016-17 चे 18,000, त्यावर 1,800, उपकरासह 1,854. 2017-18 चे 20,000, त्यावर 5 टक्क्याने 1,000, उपकरासह 1,030. 2018-19 चे 19,000, त्यावर 950, उपकरासह 988. बेरीज 4,181. ही दुसरी वाढ.

12,480 वजा 4,181, बरोबर 8,299. मेलमधल्या डाव्या रकान्यातला आकडा.

म्हणजे शाळेतल्या हिशोबाने आकडा बरोबरच काढला होता. कर कापणाऱ्या मालकाला ही सवलत पगारातून कर कापतानाच देता येते. कलम 192 च्या पोटकलम 2A मध्ये ती सोय आहे, आणि तिच्यात सरकारी नोकर, स्थानिक स्वराज्य संस्था, कंपन्या, सहकारी संस्था, विद्यापीठं असे बरेच जण येतात. आपल्या भागात याचा अर्थ असा की भवानीनगर किंवा माळेगावच्या सहकारी कारखान्यातल्या कामगारालाही ही वाट मोकळी आहे. साखर कामगारांचे वेतन करारही मागच्या तारखेपासून लागू होतात, तिथेही फरक निघतो. फक्त ज्याचं उत्पन्न फरक धरूनही कराच्या मर्यादेखाली आहे, त्याला सवलतीचा प्रश्नच येत नाही. कर नाही तर सवलत कशातून?

मग खात्याने 0 का धरलं? कारण अर्ज. मघाशी म्हटलं ना, अर्ज केला तर सवलत द्यायचीच. तो अर्ज म्हणजे `Form 10E`. पूर्वी हा कागद मालकाकडे द्यायचा आणि काम संपायचं. आता सवलत हवी असेल तर तो आयकर पोर्टलवर स्वतः ऑनलाइन भरावा लागतो, आणि विवरणपत्र भरण्याच्या आधी. आईच्या शाळेत कोणीतरी एक्सेलमध्ये सुंदर तक्ता करून सगळ्यांचा हिशोब काढला, त्यावर सह्या घेतल्या, कागदावर 10E भरून फायलीला लावला. फॉर्म 16 मध्ये सवलत दिसत होती, तीच विवरणपत्रात गेली. पोर्टलवरचा 10E मात्र कोणीच भरला नाही. खात्याच्या संगणकाने शोधलं, सापडला नाही, सवलत 0 केली. त्या वर्षी आईच्या केंद्रातल्या बऱ्याच शिक्षकांना असेच मेल आले. कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, कारण त्या तक्त्यात चूक एकही नव्हती. आकडा बरोबर असून दार चुकलं.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी पोर्टलवर लॉगिन करून `e-File > Income Tax Forms` मध्ये 10E शोधला. तिथे पहिलाच प्रश्न कर निर्धारण वर्षाचा येतो आणि तिथेच बरेच जण घसरतात. फरक 2016 चा आहे म्हणून 2016-17 निवडतात. निवडायचं ते पैसे मिळालेल्या वर्षाचं. 2019-20 मध्ये मिळाले, म्हणून कर निर्धारण वर्ष 2020-21. जुनी वर्षं आत, तक्त्यात येतात. थकबाकीसाठी परिशिष्ट 1. ग्रॅच्युइटी आणि इतर प्रकारांसाठी वेगळी परिशिष्टं आहेत, तिकडे जायचं नाही.

तक्त्यात प्रत्येक जुन्या वर्षासमोर त्या वर्षाचं उत्पन्न विचारतात. हे करपात्र उत्पन्न, सगळ्या वजावटी जाऊन उरलेलं. आईने आधी फॉर्म 16 च्या पहिल्या पानावरचा एकूण पगार वाचून दाखवला होता. तो टाकला असता तर 2018-19 मध्ये आकडा पाच लाखांच्या वर गेला असता, जुन्या वर्षाचा दर 20 टक्के झाला असता आणि सवलत जवळपास तीन हजारांनी कमी झाली असती. चूक आपल्याच विरुद्ध गेली असती आणि कळलंही नसतं.

10E भरून पावती क्रमांक मिळाल्यावर सुधारित विवरणपत्र भरलं, कारण त्याची मुदत अजून संपलेली नव्हती. काही आठवड्यांनी पुन्हा तसाच दोन रकान्यांचा मेल आला. या वेळी दोन्हीकडे 8,299.

गोष्ट इथे संपली असती, पण आईने कपाटातून आणखी एक फाईल काढली. सहाव्या वेतनाची. "मग तेव्हा पण पाच हप्ते आले होते. तेव्हा कोणी सवलत दिली नाही. ते पैसे गेले का?"

मला वाटलं, गेलेच. एक रविवार घालवून मी तो हिशोब काढला आणि उत्तर उलटं आलं.

2009-10 मध्ये तिला सहाव्या वेतनाचा पहिला हप्ता मिळाला, सोयीचा आकडा 30,000. तेव्हा तिचं करपात्र उत्पन्न 2,30,000. त्या वर्षी महिलांना 1,90,000 पर्यंत कर नव्हता, आणि तिथून तीन लाखांपर्यंत 10 टक्के. म्हणजे सगळा हप्ता 10 टक्क्यांत बसला. 3,000 कर, 3 टक्के उपकरासह 3,090.

आता मागे जा. 2006-07 मध्ये तिचं करपात्र उत्पन्न 1,65,000 होतं. उत्पन्न कमी, म्हणून कर कमी असणार असं वाटतं. पण त्या वर्षीचे टप्पे बघा. महिलांना 1,35,000 पर्यंत माफ, मग दीड लाखापर्यंत 10 टक्के, आणि दीड लाखापासून अडीच लाखांपर्यंत चक्क 20 टक्के. म्हणजे तेव्हाच्या 1,65,000 वर वाढलेला प्रत्येक रुपया 20 टक्क्यांत जात होता. हप्त्यातले 9,000 त्या वर्षाचे धरले तर तेव्हाच्या 2 टक्के उपकरासह 1,836 कर लागला असता. तेच 9,000 उशिरा, 2009-10 मध्ये आले म्हणून कर लागला 927. 2007-08 ची गोष्ट जवळपास तीच. 2008-09 मध्ये टप्पे रुंद झाले आणि तिथून पुढे दर समान.

सगळ्या वर्षांची बेरीज केली तर दुसरी वाढ पहिलीपेक्षा मोठी. सवलत शून्य. सहाव्या वेतनाच्या त्या हप्त्यात उशिराने आईचा कर उलट कमी झाला होता. आणि नियम एकतर्फी असल्यामुळे तो जास्तीचा फायदा सरकारने परत मागितला नाही.

माझ्या मते कलम 89 समजून घ्यायला सहाव्या आणि सातव्या वेतनाची ही जोडी पुरेशी आहे. तीच शिक्षिका, तीन वर्षांचाच उशीर, तेच पाच हप्ते. एकदा सवलत शून्य आणि एकदा 60,000 मागे आठ हजारांच्या वर. उशीर किती झाला याला कलम 89 मध्ये काहीच किंमत नाही. किंमत आहे ती फक्त दोन वर्षांच्या दरांतल्या तफावतीला. 2016 चे पैसे 2019 मध्ये दिले म्हणून व्याज, महागाईची भरपाई असलं काही या कलमात नाही. पीएफमध्ये जमा झाल्यापासून व्याज मिळतं, पण त्याआधीच्या तीन वर्षांचं कोणी देत नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर मी 'सरकारने उशीर केला म्हणून कलम 89 चे पैसे मिळतात' असं वाचलंय. तसं नाही. तुमचं उत्पन्न सगळी वर्षं एकाच टप्प्यात राहिलं आणि त्या टप्प्याचा दर बदलला नाही, तर फरक दहा वर्षांचा असला तरी सवलत जवळपास शून्य येते. आईच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचं उत्पन्न सगळी वर्षं 20 टक्क्यांतच होतं. त्यांना मिळालेली सवलत उपकराच्या एका टक्क्याच्या फरकापुरती, काही रुपयांची. त्यांनी चिडून आईला विचारलं होतं, "तुम्हाला आठ हजार आणि मला एवढेच? बाई, कुठे सही केली तुम्ही?"

उरलेले चार हप्ते पुढे आले, मध्ये कोविडमुळे लांबले, आणि दरवेळी आम्ही 10E नव्याने भरला. एकदा भरला म्हणून पुढच्या वर्षी चालत नाही. दर हप्त्याला त्या वर्षाचा वेगळा. या दरम्यान नवी करप्रणाली आली. सवलत जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींत मिळते. फरक मिळालेल्या वर्षाचा कर तुम्ही निवडलेल्या प्रणालीने काढायचा, आणि मागच्या वर्षांचा त्या त्या वर्षी जी प्रणाली होती तिने.

आता पुढचं. केंद्राचा आठवा वेतन आयोग नोव्हेंबर 2025 मध्ये नेमला गेला, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई, अहवालाला 18 महिने. मग केंद्राचा निर्णय, मग राज्याची समिती. पुन्हा फरक साठणार हे उघड आहे. तोवर 1961 चा कायदाही गेलेला असेल. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू, आणि त्यात कलम 89 ची जागा कलम 157 घेतं.

आईची निवृत्ती त्याआधी आहे, पण मधल्या महिन्यांचा फरक तिलाही मिळेल. परवा घरी गेलो तेव्हा तिने नवी फाईल केली होती. वर जाड स्केच पेनने लिहिलंय, 'आठवा. फॉर्म 16, मार्च ते फेब्रुवारी.' आत सध्या एकच कागद आहे.